नावाच्या जागी नाव, रकमेच्या जागी रक्कम: सोसायटीच्या माहितीपत्रकातल्या स्क्रीनशॉटचं प्रकरण

मुलुंड पूर्वेची एक जुनी सहकारी गृहनिर्माण संस्था. चेकने मेंटेनन्स भरण्याची पद्धत बंद करून कमिटीने सगळ्यांना एका अ‍ॅपवर आणलं. सभासदांत निम्म्याहून जास्त ज्येष्ठ नागरिक, तेव्हा ‘बिल कसं भरायचं’ हे सचित्र सांगणारा एक कागद लिफ्टजवळच्या फलकावर लावायचा आणि त्याचीच पीडीएफ ग्रुपवर टाकायची असं ठरलं. खजिनदार काकांनी स्वतःच्या फोनवरचे स्क्रीनशॉट काढले, भाच्याने फोनमधल्याच एडिटरवर नावावर पांढरा रंग फिरवला, वर टाइप करून दुसरं नाव घातलं आणि क्यूआर कोडवर लाल पेनने फुली मारली. कागद फलकावर लागला.

दोन दिवसांत दुसऱ्या मजल्यावरच्या काकू कमिटीच्या दारात. त्यांनी फलकावरचा तोच फुली मारलेला कोड स्कॅन केला होता. पेमेंट अ‍ॅपने संस्थेचं नाव दाखवलं, रकमेच्या जागी आपोआप ४,८६० आले आणि खाली बी-३०४. काकूंचं बिल ४,२५० चं, म्हणून त्या थांबल्या. नाहीतर खजिनदारांच्या घराचा महिना काकूंच्या खात्यातून भरला गेला असता. काकांनी यावर ‘तशी माझी हरकत नव्हती’ असं म्हटल्याचं सांगतात.

कागद उतरवला गेला आणि काम माझ्याकडे आलं. सॉफ्टवेअरची मॅन्युअल्स लिहिणं हा माझा धंदा आहे, त्यामुळे असे स्क्रीनशॉट रोजचेच. तरी हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं, कारण स्क्रीनशॉटमधला मजकूर बदलताना जिथे जिथे पाय घसरतो त्या बहुतेक जागा या एका कागदात होत्या.

आधी काय काय दिसतंय ते बघणं

कुठल्याही स्क्रीनशॉटमध्ये तीन मालकांचा मजकूर असतो. एक अ‍ॅपचा: बटणांवरचे शब्द, मथळे, सूचना. दुसरा त्या माणसाचा: नाव, फ्लॅट, मोबाइल, रक्कम, तारखा. तिसरा फोनचा: वेळ, बॅटरी, वर आलेल्या नोटिफिकेशनच्या खुणा. माझा नियम असा की माणसाचा मजकूर बदलायचा, फोनचा पुसायचा किंवा साधा करायचा, आणि अ‍ॅपच्या मजकुराला हात लावायचा नाही. ‘पैसे भरा’ हे बटण कुणाला रुक्ष वाटलं म्हणून चित्रात ‘बिल भरा’ करून चालत नाही. वाचणारा माणूस कागदावरचा शब्द फोनवर शोधतो, आणि तो सापडला नाही की तिथेच अडतो.

भाच्याने नाव झाकलं होतं, पण नावाच्या डावीकडच्या गोलात नावाचं आद्याक्षर होतं ते तसंच राहिलं. बिलाच्या चित्रात मोबाइलचे शेवटचे चार आकडे झाकले होते, पावतीच्या चित्रात तेच चार उघडे होते. एका चित्रात कीबोर्ड उघडा होता आणि त्याच्या वरच्या सूचनांच्या पट्टीत काकांच्या सुनेचं नाव होतं. कीबोर्डची ही पट्टी जवळजवळ सगळेच विसरतात. आणि शेवटी तो क्यूआर कोड. त्यात नाव-रक्कम अक्षरांत दिसत नाही म्हणून तो चित्र वाटतो, पण तोही मजकूरच आहे. स्कॅन केल्यावर आत साधारण अशी ओळ निघते (पत्ता आणि नाव इथे बदललं आहे):

```
upi://pay?pa=society@example&pn=Namuna%20CHS&am=4860.00&cu=INR&tn=B-304
```

`pa` म्हणजे पैसे कुणाला जाणार तो पत्ता, `am` म्हणजे रक्कम, `tn` म्हणजे शेरा. फुली मारूनही तो चालला याचं कारण क्यूआरची दुरुस्तीची सोय. कोडचा काही भाग खराब झाला तरी उरलेल्यावरून तो वाचता यावा अशीच त्याची रचना आहे. सर्वांत खालच्या पातळीला सुमारे ७ टक्के आणि सर्वांत वरच्या पातळीला सुमारे ३० टक्के नुकसान तो पचवतो. पेनच्या दोन बारीक रेघा त्याच्या खिजगणतीतही नसतात.

शक्य तेवढं फोटो काढायच्या आधी

चित्र काढल्यावर मजकूर बदलणं हा शेवटचा मार्ग. पहिला मार्ग म्हणजे अ‍ॅपमध्येच एक नमुना सभासद तयार करून त्याच्या खात्याचे स्क्रीनशॉट घेणं. अक्षरं खरी, रांगा खऱ्या, झाकायला काहीच नाही. मी अ‍ॅप चालवणाऱ्या एजन्सीला तसं विचारलं. त्यांनी नकार दिला आणि कारण पटण्यासारखं होतं: नवा फ्लॅट उघडला की त्याचं बिल निघणार, ते संस्थेच्या येण्यात दिसणार आणि वर्षअखेरीस ऑडिटरला त्याचा जाब द्यावा लागणार.

दुसरा मार्ग ब्राउझरचा. याच अ‍ॅपची संगणकावर उघडणारी आवृत्ती आहे. तिथे पान उघडून डेव्हलपर टूल्सच्या कन्सोलमध्ये ही एक ओळ टाकली की पानावरचा कुठलाही मजकूर वर्डमध्ये बदलावा तसा बदलता येतो:

```
document.designMode = "on"
```

हा बदल फक्त आपल्या पडद्यापुरता असतो, पान पुन्हा लोड केलं की पुसला जातो. मराठीसाठी तर हा मार्ग फार सोयीचा, कारण जोडाक्षरं, वेलांट्या, फॉन्ट सगळं ब्राउझर स्वतः मांडतो. संगणकावरून बिल भरणाऱ्यांसाठी एक वेगळा कागद होता, त्याची सगळी चित्रं मी अशीच केली. पण फोनच्या कागदासाठी याचा उपयोग नव्हता. फोनवर बटणं खाली असतात, ब्राउझरमध्ये उजवीकडे.

म्हणजे फोनचे स्क्रीनशॉट घेऊन मजकूर बदलणं आलंच. निदान फोनचा मजकूर तरी आधीच साधा करून घेता येतो. अँड्रॉइडमध्ये याच कामासाठी डेमो मोड आहे. डेव्हलपर ऑप्शन्समधून तो फोनवरच सुरू करता येतो किंवा फोनला केबल लावून संगणकावरून, `adb` या अँड्रॉइडच्या साधनाने असा:

```
adb shell settings put global sysui_demo_allowed 1
adb shell am broadcast -a com.android.systemui.demo -e command enter
adb shell am broadcast -a com.android.systemui.demo -e command clock -e hhmm 1000
adb shell am broadcast -a com.android.systemui.demo -e command battery -e level 100 -e plugged false
adb shell am broadcast -a com.android.systemui.demo -e command notifications -e visible false
```

घड्याळ सगळ्या चित्रांत दहावर थांबतं, बॅटरी भरलेली दिसते, नोटिफिकेशनच्या खुणा जातात. काम झालं की `enter` च्या जागी `exit` देऊन बाहेर पडायचं. काही कंपन्यांच्या फोनवर यातल्या एकदोन आज्ञा चालत नाहीत; काकांच्या फोनवर सगळ्या चालल्या.

स्क्रीनशॉटही मी केबलनेच घेतले:

```
adb exec-out screencap -p > bill.png
```

भाच्याने चित्रं व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवली होती. तिथे ती जेपेग होतात आणि जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून दाबतं. चित्र आठपट मोठं करून बघितलं की सपाट रंगावर अक्षरांच्या आजूबाजूला डासांच्या थव्यासारखे ठिपके दिसतात. अशा चित्रात मजकूर बदलला की नवीन अक्षरं स्वच्छ आणि शेजारची जुनी मळकी, त्यामुळे ठिगळ लगेच कळतं. पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावं, म्हणजे पीएनजी तशीच पोचते.

एक पडदा मात्र मिळाला नाही, आणि मिळायलाही नको: यूपीआय पिन टाकण्याचा. असे पडदे स्क्रीनशॉट रोखतात, हाती काळं चित्र येतं किंवा सूचना येते. तो पडदा चित्र काढून बनवावा असं एका कमिटी सदस्याने सुचवलं. मी त्या जागी नुसती चौकट ठेवून ‘इथे तुमच्या बँकेचा पिन विचारला जाईल’ एवढंच लिहिलं. पिनचा पडदा कसा दिसतो हे बनावट चित्रावरून शिकवणं मला धोक्याचं वाटतं.

काकांच्या फोनवर अक्षरं मोठी करून ठेवलेली होती. ती नेहमीच्या आकाराला आणावीत का, हा प्रश्न आला. मी तशीच ठेवली. ज्यांच्यासाठी हा कागद आहे त्यांच्याही फोनवर बहुधा तेच असणार, आणि मोठ्या अक्षरांत ‘पैसे भरा’ हे बटण पडद्याच्या खाली जातं, वर सरकवावं लागतं. ते कागदावर दिसायलाच हवं होतं.

नाव बदलणं

आता मुख्य काम. बिलाच्या पडद्याच्या वरच्या बाजूला हिरवी पट्टी, वर फिकी आणि खाली गडद होत जाणारी. तिच्यावर पांढऱ्या गोलात आद्याक्षर, शेजारी पांढऱ्या अक्षरांत नाव, खाली फ्लॅट. मी गिम्प वापरतो. फुकट आहे आणि देवनागरी बरोबर मांडतो. फोटोशॉपमध्ये करणाऱ्यांनी आधी टाइपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट निवडलेला आहे ना ते बघावं. नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात.

इथे बहुतेक जण सरळ जुनं नाव पुसतात आणि नवं टाइप करून डोळ्यांनी जुळवत बसतात. त्यात वेळ जातो आणि जुळत तर नाहीच, कारण ज्याच्याशी जुळवायचं तेच पुसून टाकलेलं असतं. उलटं करावं. आधी जुनं नाव जसंच्या तसं नव्या लेयरवर टाइप करायचं, ते मूळ अक्षरांवर तंतोतंत बसेपर्यंत फॉन्ट, आकार आणि जागा नीट करायची, आणि मगच शब्द बदलायचे.

आकाराचा अंदाज हिशोबाने येतो. फोनची रुंदी १०८० पिक्सेल आणि `adb shell wm density` ने घनता ४२० सांगितली. अँड्रॉइडचं माप १६० घनतेवर धरलेलं असतं, म्हणून ४२० ला १६० ने भागलं की २.६२५ येतात. अशा मथळ्याचं नाव बऱ्याचदा १६ एककांचं असतं, म्हणजे ४२ पिक्सेल. फॉन्ट नोटो सान्स देवनागरी, वजन मीडियम. अँड्रॉइडवर देवनागरीसाठी मुळात हाच असतो, काही कंपन्या मात्र स्वतःचा घालतात. गिम्पमध्ये आकाराचं एकक पिक्सेल ठेवलं, हिंटिंग बंद केलं आणि अँटिअ‍ॅलियासिंग चालू. हिंटिंग चालू राहिलं तर रेघा पिक्सेलच्या चौकटीत ओढल्या जातात आणि फोनपेक्षा जरा कडक दिसतात.

४२ ला नाव कमी पडलं. मूळ नावाची लांबी ४१२ पिक्सेल, माझी ३५८. भागाकार १.१५. काकांच्या मोठ्या अक्षरांचं माप हेच असणार, म्हणून विचारून बघितलं:

```
adb shell settings get system font_scale
```

उत्तर आलं 1.15. म्हणजे आकार ४८.३ पिक्सेल. गिम्प दशांश घेतो, तेव्हा तेवढाच टाकायचा; ४८ करून मोकळं झालं तर लांब नावाच्या शेवटाला दोनतीन पिक्सेलचा फरक साठतो. हा फोन अँड्रॉइड १३ चा होता म्हणून सरळ गुणाकार चालला. १४ पासून मोठ्या अक्षरांना कमी आणि लहान अक्षरांना जास्त वाढवण्याची पद्धत आली आहे, तिथे लांबी मोजूनच आकार काढावा.

जागा जुळवताना लॅटिन अक्षरांना खालची ओळ धरतात. देवनागरीला शिरोरेषा हाच सगळ्यात भरवशाचा टेकू. ती सरळ, जाड आणि सलग असते. चित्र आठपट मोठं करून मूळ शिरोरेषा किती पिक्सेल जाड आहे आणि कितव्या ओळीपासून सुरू होते ते बघायचं. आपली तेवढीच जाड नसेल तर वजन चुकलं आहे. जाडी बरोबर असून वरखाली असेल तर लेयर एकदोन पिक्सेल सरकवायचा.

मग लेयरचा मोड `Difference` करायचा. या मोडमध्ये पांढऱ्यावर पांढरं आलं की काळं होतं. तंतोतंत बसलेलं नाव हिरव्या पट्टीवर काळं दिसतं. जिथे मूळ अक्षर माझ्या अक्षराबाहेर डोकावतं तिथे पांढरी किनार राहते. माझं अक्षर मूळच्या बाहेर गेलं असेल तर गुलाबीसर. आकार दुरुस्त केल्यावर नाव काळं पडलं, एक अक्षर सोडून: ल. तिथे पांढरा एक आणि गुलाबी एक असे दोन ल एकमेकांत अडकलेले दिसत होते. फोनची भाषा मराठी, म्हणून फोनने पाकळीचा ल काढला होता. गिम्पच्या लेखी भाषा ठरलेली नव्हती, म्हणून त्याने फॉन्टचा मूळचा, दंडाचा ल दिला. नोटोमध्ये दोन्ही वळणं आहेत आणि मजकुराची भाषा मराठी सांगितली की मराठी वळणाचे ल आणि श मिळतात. टेक्स्ट टूलच्या खाली `Language` असतं, तिथे मराठी निवडल्यावर तोही काळा पडला. चित्र बघणाऱ्या दहापैकी नऊ जणांना हा फरक नेमका सांगता येणार नाही. तरी काहीतरी खटकतं, आणि शेजारच्या ‘शिल्लक’ शब्दात दुसरा ल असला की जास्तच.

एवढं झालं की बाकीचं सोपं. मोड पुन्हा साधा केला, लेयर झाकून ठेवला आणि मूळ नाव पुसायला घेतलं. पट्टीचा रंग वरून खाली बदलतो, म्हणजे प्रत्येक आडव्या ओळीत तो एकच असतो. नावाच्या उजवीकडच्या मोकळ्या जागेतला एक पिक्सेल रुंद उभा तुकडा उचलला, नव्या लेयरवर टाकला आणि नाव झाकेल इतका आडवा ताणला. ताणताना इंटरपोलेशन `None` ठेवायचं. हीलिंग ब्रश किंवा तत्सम हुशार साधनं इथे वापरू नयेत. ती फोटोतल्या कातडीवर छान काम करतात, पण सपाट पट्टीवर ढगाळ डाग ठेवतात. छपाईत तो डाग जास्त उठून दिसतो.

मग मजकूर बदलून ‘शालिनी नमुने’ केला. आडनाव ऐकून कमिटीत हशा पिकला, पण तोच हेतू होता: वाचणाऱ्याला कळावं की ही खरी सभासद नाही, आणि इमारतीत कुणाशी नाव जुळू नये. गोलातलं आद्याक्षर ‘शा’ नाही, नुसतं ‘श’, कारण हे अ‍ॅप काना घेत नाही. हे इतर सभासदांच्या फोनवर बघून घेतलं. ते अक्षर गोलाच्या मध्यावर बसवायचं असतं, डाव्या कडेला जुळवून नाही. फ्लॅट बी-३०४ चा बी-००० केला, असा फ्लॅट इमारतीत नाही. मोबाइलच्या जागी शून्यं, कारण भारतातला मोबाइल क्रमांक शून्याने सुरू होत नाही आणि चुकून कुणाला फोन जायला नको.

आकडे

बिलाच्या ओळी पांढऱ्यावर होत्या, तिथे झाकणं म्हणजे नुसता पांढरा चौकोन. अक्षरांचा रंग घेताना रेघेच्या कडेचा पिक्सेल उचलायचा नाही. तो पांढऱ्यात मिसळलेला असतो आणि मजकूर फिका होतो. जाड रेघेच्या मधला घ्यायचा. इथे तो #212121 निघाला. पूर्ण काळा धरून टाइप केलं असतं तर बदललेल्या ओळी शेजारच्यांपेक्षा गडद दिसल्या असत्या.

खरं काम बेरजेचं. भाच्याने एकूण रक्कम बदलली होती, वरच्या ओळी तशाच. निवृत्त बँकवाल्यांनी भरलेल्या इमारतीत असा कागद लावणं म्हणजे आपण होऊन पत्रव्यवहार ओढवून घेणं. मी सगळेच आकडे गोल केले: सेवा शुल्क २,०००, पाणी ५००, सिंकिंग फंड ३००, दुरुस्ती निधी १,०००, पार्किंग २००, एकूण ४,०००. कुणाचंही बिल इतकं गोल येत नाही, त्यामुळे ‘मला एवढेच भरायचे’ असा समजही होत नाही. ही एकूण रक्कम चार ठिकाणी होती: यादीच्या पडद्यावर, बिलात, बटणावर आणि पावतीत. एक सुटली की सगळं वाया. आकडे उजव्या कडेला रांगेत असतात, म्हणून टेक्स्ट लेयरही उजवीकडून बांधायचा. डावीकडून बांधला तर ‘५००’ ची रांग ‘२,०००’ पासून सुटते. तारखांनाही हाच न्याय. बिलाची तारीख, भरण्याची मुदत आणि पावतीची तारीख याच क्रमाने यायला हव्यात, आणि वार लिहिला असेल तर कॅलेंडर उघडून बघावं.

क्यूआरच्या जागी नवा कोड बनवून घातला, ज्यात पैसे भरायची ओळ नाही, नुसतं ‘हा नमुना आहे’ एवढं वाक्य आहे. वर तिरकी पट्टी, तिच्यावर ‘नमुना’. धूसर करणं किंवा चौकोनी ठिपके करणं मी कुठेच वापरलं नाही. आकड्यांसारख्या मोजक्या शक्यतांच्या मजकुरात ठिपक्यांवरून मूळ मजकूर ओळखता येतो: प्रत्येक शक्यता तशीच धूसर करून ताडून बघायची, एवढंच लागतं. फोनमधलं हायलायटर पेन तर अर्धपारदर्शक असतं. चारपाच वेळा फिरवून काळं दिसलं तरी उजेड वाढवला की खालचं वर येतं.

पावतीचा पडदा

इथे मी हात आखडता घेतला. हिरवी टिकली, ‘पेमेंट यशस्वी’, रक्कम, वेळ आणि यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक. हे सगळं वर सांगितल्याप्रमाणे सफाईने बदललं की तयार होते ती कोऱ्या चेकसारखी वस्तू. कुणीही त्यात रक्कम घालून ‘पैसे पाठवलेत’ म्हणून दुकानदाराला दाखवावी. म्हणून या एका चित्रावर ‘नमुना’ हा शब्द रकमेवरूनच तिरका घातला, कोपऱ्यात नाही. कोपरा कापता येतो. यूटीआरच्या बाराही जागी शून्यं. चित्र थोडं कुरूप दिसतं हे मान्य. सचिव ताईंना ते आवडलं नाही, ‘बाकीची इतकी छान आणि हीच का बिघडवली?’ असं त्यांनी विचारलं. कारण सांगितल्यावर त्यांनी उलट पट्टी आणखी जाड करायला लावली.

बाहेर काढताना

लेयर असलेली फाइल माझ्याकडे ठेवली आणि कागदासाठी सगळे लेयर एकत्र करून नवी पीएनजी काढली. वर्डमध्ये चित्रावर पांढरा चौकोन ठेवून पीडीएफ केली तर चौकोनाखालचं चित्र फाइलमध्ये शाबूत राहतं. वर्डमध्ये कापलेला भागही मुद्दाम काढून टाकेपर्यंत आतच असतो. फोनच्या एडिटरवरही आंधळा भरवसा नको. २०२३ मध्ये उघड झालं की गुगल पिक्सेल फोनच्या स्क्रीनशॉट एडिटरने कापलेल्या चित्रांत मूळ चित्राचा काही भाग फाइलच्या शेपटीला तसाच राहत होता आणि तो परत मिळवता येत होता. विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्येही तसंच निघालं. दोन्ही दुरुस्त झाले, पण आधी पाठवलेली चित्रं जशीच्या तशी आहेत.

छपाईचा हिशोब शेवटी आला आणि त्याने मांडणीच बदलली. ए-फोर कागदावर सहा सेंटिमीटर रुंदीचा पडदा ठेवला की स्पष्टपणाला काही धक्का लागत नाही, पण नावाची अक्षरं अडीच-पावणेतीन मिलिमीटरची होतात आणि बिलाच्या ओळी त्याहून बारीक. फलकासमोर उभं राहून सत्तरीतल्या माणसाने ते वाचायचं आहे. म्हणून पूर्ण पडदा फक्त पहिल्या पायरीला ठेवला. पुढच्या पायऱ्यांत जिथे बोट ठेवायचं तेवढाच पट्टा कापून कागदाच्या रुंदीभर केला. मेहनतीने बदललेलं नाव त्यामुळे छापील कागदावर एकदाच दिसतं, पीडीएफमध्ये सगळीकडे.

कागद छापायला जाणार त्या आठवड्यात अ‍ॅपची नवी आवृत्ती आली आणि ‘पैसे भरा’ चं ‘आता भरा’ झालं. बटण तिथेच, रंग तोच. ‘एक शब्द तर बदलायचाय, तुम्हाला काय अवघड!’ असं काका म्हणाले, आणि शब्द बदलायला खरंच पाच मिनिटं लागली असती. पण शब्दाबरोबर अजून काय हललंय ते जुन्या चित्रातून कळत नाही. म्हणून पुन्हा केबल लावली, डेमो मोड, नवे स्क्रीनशॉट, आणि जुन्या फाइलमध्ये सगळ्यात खालचा लेयर तेवढा बदलला. वरचं ‘शालिनी नमुने’ सहा पिक्सेल खाली उतरलेलं निघालं, कारण नव्या आवृत्तीत हिरवी पट्टी थोडी बुटकी झाली होती. पट्टीचा ताणलेला तुकडा नव्याने काढला, नाव वर सरकवलं, आणि बिलाच्या यादीत ‘मागील थकबाकी’ अशी एक नवी ओळ आलेली दिसली. तिथे शून्य घातलं.